फिक्स्चर लांबलं तर काय काय अडेल?

बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीला पंपाच्या नव्या केसिंगची ऑर्डर मिळाली आहे, असं धरू. नियोजनाचा एक्सेल तक्ता तीस ओळींचा. 'आधीचं काम' या रकान्यात ७, १२ असे आकडे. मशीनिंग करताना कास्टिंग घट्ट धरून ठेवणारं फिक्स्चर एक आठवडा लांबलं तर काय अडेल, हे सांगायला डोळ्यांना ओळ सातवर जावं लागतं, मग बारावर, आणि तोवर पहिला आकडा डोक्यातून निसटलेला असतो. एका वेळी साधारण चारच गोष्टी आपण मनात धरू शकतो. जिल लार्किन आणि हर्बर्ट सायमन यांनी १९८७ मध्ये दाखवलं की आकृतीत एकत्र लागणारी माहिती शेजारी-शेजारी येते, त्यामुळे शोधाशोध वाचते.

म्हणून त्या तीस ओळींतून मोजकीच कामं घेऊन त्यांची आकृती एका स्लाइडवर काढायची. वर आठवडे, डावीकडे माणसं: पॅटर्नवाला, फाउंड्री सुपरवायझर, टूलरूम, मशीन शॉप, ग्राहक. प्रत्येकाला एक आडवा पट्टा, त्यामुळे 'जबाबदार कोण' असा वेगळा रकाना लागत नाही. पट्ट्यात खात्याचं नाही, एकाच माणसाचं नाव लिहावं; दोन नावं लिहिली की विचारायचं कुणाला, हेच कळत नाही. आपल्याकडे शॉपफ्लोअरवर मराठी आणि कन्नड दोन्ही चालतात, तेव्हा नावं दोन्ही लिपींत लिहिलेली बरी.

आता कामं मांडू. पॅटर्नला तीन आठवडे, नमुना ओतायला चौथा. टूलरूमचं फिक्स्चरही पहिल्याच दिवशी सुरू होतं आणि तीन आठवड्यांत होतं. नमुन्याचं मशीनिंग पाचव्या आठवड्यात, पण त्याला कास्टिंग आणि फिक्स्चर दोन्ही हवीत, म्हणून तिथे दोन बाण येऊन मिळतात. ग्राहकाची तपासणी सहाव्या-सातव्या आठवड्यात, उत्पादन आठव्यापासून. बाण फक्त एका पट्ट्यातून दुसऱ्यात जाणारेच काढायचे. एकाच माणसाच्या कामांचा क्रम डावीकडून उजवीकडे दिसतोच. टप्प्यांना पत्त्यांतल्या चौकटचा आकार द्यायचा आणि नाव पूर्ण झालेल्या गोष्टीचं: 'नमुना तपासणी' नव्हे, 'नमुना मंजूर'. तपासणी महिनाभर 'चालू' राहू शकते, मंजुरी एक तर मिळालेली असते किंवा नसते.

लाल रंग फक्त पॅटर्न, ओतकाम, मशीनिंग, मंजुरी या साखळीला. तिच्यात एक आठवडा गेला की उत्पादन एक आठवडा पुढे सरकतं. फिक्स्चरच्या पट्टीपुढे मात्र मशीनिंगपर्यंत एक आठवड्याची मोकळी जागा दिसते: एक आठवडा उशीर चालेल, दोन झाले तर उत्पादन आठवडाभर लांबेल.

स्लाइड जमली का, हे तपासायला ती या कामात नसलेल्या माणसाला मिनिटभर दाखवावी आणि वरच्या शीर्षकातला प्रश्न विचारावा. तो बाणांवरून बोट फिरवत अडखळला, तर कामं जास्त झाली आहेत. दोन-तीन जोडून एक करावीत. तक्ता फेकायचा नाही, रोजची कामं तिथेच राहतात. आणि फिक्स्चर खरंच दोन आठवडे लांबलं, तर त्याच दिवशी लाल रंग त्याच्या पट्टीवर न्यायचा, कारण आता तारीख तिथून ठरते.