टी-३ म्हणजे तिसरी स्टेज नव्हे

"सर, बाबांची तिसरी स्टेज आहे म्हणे." मुलाने बाबांच्या गुदाशयाच्या कर्करोगाचा एमआरआय रिपोर्ट टेबलावर ठेवला आणि त्यातल्या 'T3' या अक्षरांवर बोट ठेवलं. मोबाईलवर शोधून त्याने अर्थ आधीच लावला होता. बाबा, वय 58, सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या मागावर काम करतात. वर्षभर शौचातून रक्त जात होतं, पण मूळव्याध समजून ते भिंतीवरच्या जाहिरातीतलं 'गॅरंटी' चूर्ण घेत राहिले. त्या चूर्णाने गाठीला सुखाने वाढायला एक वर्ष मिळालं.

टी-३ ही स्टेज नव्हे, गाठ गुदाशयाच्या भिंतीत किती खोल गेली त्याची ती खूण आहे. स्टेज ठरवताना लसिकागाठी आणि इतर अवयवही बघावे लागतात. गाठ टी-३ असली तरी लसिकागाठी स्वच्छ असतील आणि आजार दुसरीकडे पसरला नसेल, तर ती दुसरी स्टेज होते.

एमआरआयच्या ज्या चित्रावर आम्ही हे वाचतो त्याला टी-टू म्हणतात (या 'टी'चा गाठीच्या 'टी'शी काही संबंध नाही). त्यात गुदाशयाची भिंत पट्ट्यापट्ट्यांची दिसते. आतलं अस्तर उजळ, त्याभोवती स्नायूचा काळा पट्टा आणि त्याच्या बाहेर पांढरी चरबी. गाठ राखाडी दिसते. स्नायूच्या पट्ट्यातच राहिली तर टी-२, पट्टा फोडून चरबीत उतरली तर टी-३.

या चरबीच्या बाहेरच्या कडेला केसासारखी एक काळी रेघ असते, तिला मेसोरेक्टल फॅशिया म्हणतात. चरबी, लसिकागाठी आणि रक्तवाहिन्या यांचं सगळं गाठोडं या पातळ पडद्यात बांधलेलं असतं. इंग्लंडचे सर्जन बिल हील्ड यांनी 1982 मध्ये दाखवून दिलं की हे गाठोडं न फाडता, पडद्याच्या बाहेरून सोडवून अखंड काढलं, तर गाठ त्याच जागी परत येण्याचं प्रमाण खूप कमी होतं. म्हणजे सर्जनची सुरी जिथून जाणार ती वाट हीच रेघ. त्यामुळे गाठ केवढी आहे यापेक्षा गाठ आणि ही रेघ यांत किती अंतर उरलंय, हे मी आधी मोजतो. ते 1 मिलिमीटर किंवा त्याहून कमी असेल तर पडदा धोक्यात आहे असं लिहितो. अशा वेळी थेट ऑपरेशन केलं तर सुरी गाठीला लागू शकते. म्हणून आधी रेडिएशन, आपल्याकडचा 'शेक', आणि केमो देऊन गाठ मागे हटवतात.

मुलाच्या हातातला रिपोर्ट दुसऱ्या एका सेंटरचा होता: 'टी-३, पडदा धोक्यात असण्याची शक्यता.' फिल्म उजेडावर धरली. काप 5 मिलिमीटर जाडीचे, शरीराला सरळ आडवे घेतलेले. पण गुदाशय माकडहाडाच्या बाकासोबत वळत जातो. तिथे सरळ काप घेतला की भिंत तिरकी कापली जाते, स्नायूचा पट्टा रुंद आणि धूसर होतो आणि गाठीची कड चरबीत मिसळल्यासारखी वाटते. त्यातून 5 मिलिमीटरच्या कापात गाठ आणि शेजारची चरबी एकाच ठिपक्यात सरासरीने रंगतात. तिथे 1 मिलिमीटर मोजणार कसा?

मी हे सांगत असताना इतका वेळ गप्प बसलेले बाबा बोलले, "टॉवेलचा काठ तिरका कापला की पट्टी रुंद दिसते, तसंच ना हे?" अगदी तसंच.

तपासणी परत केली. या वेळी 3 मिलिमीटरचे काप, गाठीच्या लांबीला काटकोनात. गुदद्वारापासून 8 सेंटिमीटरवर असलेली गाठ स्नायूच्या बाहेर 4 मिलिमीटर गेली होती, पण रेघेपासून 6 मिलिमीटर लांब होती. शेजारच्या शिरांमध्ये ती शिरलेली नव्हती, लसिकागाठीही संशयास्पद वाटल्या नाहीत. या अंतरावर, पाच आठवड्यांचा शेक टाळून थेट ऑपरेशन करणं योग्य, असं सर्जन आणि रेडिएशनच्या डॉक्टरांनी मिळून ठरवलं. शेकामुळे शौचावरचा ताबा आणि लैंगिक क्षमता यांवर होणारा परिणाम नगण्य नसतो, त्यामुळे तो विनाकारण द्यायचा नाही.

गाठ पुढच्या बाजूला, प्रोस्टेटला लागून असती तर हा हिशेब एवढा सोपा झाला नसता. तिथे चरबी मुळातच कमी असते, त्यामुळे छोटी गाठही रेघेला लवकर टेकते.

ऑपरेशननंतर काढलेला भाग पॅथॉलॉजीकडे गेला. पडद्यापर्यंतचं अंतर त्यांना 5 मिलिमीटर भरलं, म्हणजे आमचं माप जुळलं. लसिकागाठींचं मात्र चुकलं. 14 गाठी तपासल्या आणि त्यातल्या एकीत कर्करोग सापडला. लसिकागाठ आम्ही आकार, कड आणि आतला पोत यांवरून ओळखतो. या लसिकागाठीचा आकार 4 मिलिमीटर आणि कड गुळगुळीत, त्यामुळे चित्रात ती निरोगीच दिसली होती.

तेव्हा मुलगा म्हणाला तशी ती तिसरी स्टेजच ठरली, फक्त कारण टी-३ नव्हतं. आता बाबांची केमो सुरू आहे.