युआनफन

दोन माणसांची भेट होणे, त्यांचे जुळणे आणि ते नाते टिकणे यांमागे असलेला पूर्वनियत संबंध व्यक्त करणारी चिनी संज्ञा. ‘युआन’ आणि ‘फन’ या दोन अक्षरांचा हा जोडशब्द असून तो मुख्यतः मैत्री, प्रेम व विवाह यांच्या संदर्भात वापरला जातो. एखादी वास्तू, गाव किंवा पाळीव प्राणी यांच्याशी युआन असल्याचेही बोलले जाते. पण तो वापर गौण आहे.

‘युआन’चा जुना अर्थ वस्त्राचा काठ असा होता. त्यावरून ‘कडेकडेने जाणे’ आणि पुढे ‘त्या कारणाने’ हे अर्थ निघाले. बौद्ध ग्रंथांच्या चिनी भाषांतरकारांनी संस्कृत ‘प्रत्यय’ म्हणजे साहाय्यक कारण या संज्ञेसाठी हेच अक्षर योजले. ‘हेतू’साठी ‘यिन’ व ‘प्रत्यया’साठी ‘युआन’ अशी जोडी ठरली. कुमारजीवाने पाचव्या शतकाच्या आरंभी चिनीत आणलेल्या नागार्जुनाच्या मध्यमकशास्त्रात चार प्रत्ययांची चर्चा याच अक्षराने होते. बीज हा हेतू मानला, तर माती, पाणी व ऊन हे प्रत्यय होत. ‘फन’ म्हणजे वाटा किंवा वाट्याला आलेला भाग. हा जोडशब्द बोलीत केव्हा रुळला हे काटेकोरपणे सांगता येत नाही. मिंग व छिंग राजवटींच्या काळातील बोलभाषेतल्या कथासाहित्यात मात्र तो परिचित दिसतो.

ही कल्पना मूळची बौद्ध की चिनी, याविषयी दोन मते आहेत. एका मतानुसार कर्म व पुनर्जन्माच्या बौद्ध विचारातून ती थेट आली. दुसरे मत असे, की बौद्धपूर्व चीनमध्ये ‘मिंग’ म्हणजे स्वर्गाने नेमलेले विधिलिखित ही धारणा होतीच. बौद्ध विचाराने तिला केवळ शब्द पुरवला. बौद्ध शास्त्रातील प्रत्यय कोणत्याही घटनेला लागू होतो, त्याला व्यक्ती लागत नाही. युआनफन मात्र प्राधान्याने दोघांमधले असते. शिवाय ‘वाटा’ ही कल्पना मिंगशी अधिक जवळची आहे. त्यामुळे शब्द बौद्ध आणि आशय मिश्र, असे मानणे अधिक सयुक्तिक वाटते. मराठीतील ‘ऋणानुबंध’ याच्या जवळ जातो. परंतु त्यात मागच्या जन्मीचे देणेघेणे फेडण्याचा भाव ठळक असतो, तो युआनफनमध्ये आवश्यक नाही.

विवाहातील नियततेचे प्रसिद्ध रूप ली फूयान याच्या तांगकालीन कथेत आढळते. चांदण्यात पुस्तक वाचणारा एक म्हातारा वे गू या तरुणाला सांगतो, की आपल्या पिशवीतील तांबड्या दोरीने भावी पतिपत्नींचे पाय बांधले जातात. मग घराण्यांत वैर असो वा अंतर असो, ती गाठ सुटत नाही. वे गूची नियोजित वधू तेव्हा भाजीवालीकडे वाढणारी तीन वर्षांची मुलगी असते. तो तिला मारण्यासाठी नोकर पाठवतो. वार भुवयांच्या मध्ये लागतो, पण ती वाचते. चौदा वर्षांनी तिच्याशीच त्याचा विवाह होतो आणि कपाळावरच्या खुणेमुळे उलगडा होतो. हा म्हातारा पुढे ‘युए लाओ’ या विवाहदेवतेच्या रूपाने पुजला गेला. तैपेईतील शियाहाय नगरदेवता मंदिरात जोडीदार मागणारे त्याच्याकडून तांबडा दोरा नेतात आणि लग्न ठरल्यावर आभारासाठी लग्नाची मिठाई आणून ठेवतात.

प्रत्यक्ष बोलण्यात दोन्ही अक्षरांची फारकत महत्त्वाची ठरते. युआन भेट घडवते आणि फन ती टिकवते, असे समजले जाते. म्हणून ‘यौ युआन वू फन’, म्हणजे युआन आहे पण फन नाही, हे प्रेम जुळूनही लग्न न झालेल्या जोडप्याविषयी म्हणतात. समजा, मध्यस्थाने दोघांची गाठ घालून दिली, तीनचार भेटी झाल्या आणि एकाला पुढे जायचे नाही. तो ‘आपल्यात युआनफन नाही’ असे कळवतो. समोरच्यात उणीव काढली जात नाही, मध्यस्थालाही ठपका लागत नाही आणि दोन्ही घरांचे संबंध शाबूत राहतात. तैवानचे मानसशास्त्रज्ञ यांग कुओ-शू यांनी युआनच्या नेमक्या या कार्यावर भर दिला: नात्याचे यशापयश बाह्य कारणाकडे सोपवल्याने स्वतःचा व दुसऱ्याचा मान राखला जातो. याच गुणामुळे नकाराचे खरे कारण मात्र झाकले जाते.

मैत्रीत हा शब्द बहुधा आनंदाने येतो. परगावी गाववाला भेटला किंवा जुना वर्गमित्र एकाच डब्यात निघाला, की ‘खरेच युआनफन!’ असा उद्गार निघतो. पहिल्याच भेटीत सूर जुळणे म्हणजे ‘तौ युआन’. नाते संपल्यावर युआनफन ‘सरले’ म्हणतात. जे होईल ते होऊ देण्याला ‘सुइ युआन’, तर लाभलेले जपण्याला ‘शी युआन’.

मात्र याला निव्वळ दैववाद समजणे चुकीचे ठरेल. दहा वर्षांच्या साधनेने एका नावेतून प्रवास घडतो आणि शंभर वर्षांच्या साधनेने एका उशीवर झोपणे, अशी म्हण आहे. दुसऱ्या पाठात हेच आकडे शंभर व हजार होतात. दोन्ही पाठांत ‘शिऊ’ म्हणजे साधना हे क्रियापद कायम आहे. त्यानुसार सहप्रवाशाची क्षणिक ओळखही कमावलेली ठरते, आणि विवाहाला तिच्या दहापट साधना लागते.