लंब आपतनातील परावर्तन गुणांक (प्रकाश व काच)

प्रकाश काचेच्या पृष्ठभागावर लंब दिशेने पडला की त्याचा थोडा भाग उलट फिरतो. किती भाग परततो, हे दोन गुणांकांनी सांगतात. परावर्तित लहरीच्या विद्युत क्षेत्राचा आयाम आपाती आयामाच्या किती पट आहे, ते आयाम परावर्तन गुणांक (r) सांगतो. परत आलेली शक्ती आपाती शक्तीच्या किती पट आहे, ते शक्ती परावर्तन गुणांक (R) सांगतो. कोणत्याही आपतन कोनासाठीची सूत्रे ऑग्युस्तँ फ्रेनेल यांनी १८२३ मध्ये मांडली. लंब आपतन हे त्यांचे सर्वांत सोपे रूप.

सीमेला समांतर असलेले विद्युत क्षेत्र आणि चुंबकीय क्षेत्र सीमेच्या दोन्ही बाजूंना सारखेच असावे लागते, आणि सूत्रे एवढ्याच अटीतून निघतात. आपाती, परावर्तित आणि आत गेलेल्या लहरीच्या विद्युत क्षेत्रांचे आयाम अनुक्रमे E₁, E₁′ आणि E₂ मानले, तर पहिली अट E₁ + E₁′ = E₂ असे समीकरण देते. चुंबकीय क्षेत्र अपवर्तनांकाच्या प्रमाणात असते आणि परतणाऱ्या लहरीत त्याची दिशा उलटते, म्हणून पहिल्या व दुसऱ्या माध्यमाचे अपवर्तनांक n₁ व n₂ असतील तर दुसरी अट n₁(E₁ − E₁′) = n₂E₂ अशी होते. दोन्ही सोडवली की r मिळतो, आणि आत गेलेल्या लहरीचा आयाम आपाती आयामाच्या किती पट आहे ते सांगणारा t ही मिळतो:

r = (n₁ − n₂)/(n₁ + n₂), t = 2n₁/(n₁ + n₂)

शक्ती आयामाच्या वर्गावर अवलंबून असल्याने R = r². मात्र पारगमनासाठी, म्हणजे आत जाणारी शक्ती आपाती शक्तीच्या किती पट आहे ते सांगणाऱ्या T साठी, T = t² लिहिणे चूक आहे, आणि ही चूक फार सर्रास होते. शक्तीचा प्रवाह माध्यमाच्या अपवर्तनांकाच्याही प्रमाणात असतो. आपाती आणि परावर्तित लहरी एकाच माध्यमात असल्यामुळे तो घटक R मध्ये कटतो, पण T मध्ये उरतो: T = (n₂/n₁)t².

उदाहरण घेऊ. ५ मिलिवॉटचा हीलियम-निऑन लेसर (तरंगलांबी ६३२.८ नॅनोमीटर) हवेतून बोरोसिलिकेट क्राउन काचेवर लंब पडतो. या तांबड्या प्रकाशासाठी काचेचा अपवर्तनांक १.५१५ आहे.

r = (१ − १.५१५)/(१ + १.५१५) = −०.२०४८
R = ०.०४१९
t = २/२.५१५ = ०.७९५२
T = १.५१५ × ०.६३२४ = ०.९५८१

R आणि T यांची बेरीज १ येते, म्हणजे हिशोब जुळला. घटक विसरून r² + t² केले असते तर ०.६७४ आले असते आणि जवळजवळ एक तृतीयांश शक्ती कुठे गेली असा प्रश्न पडला असता. पहिल्या पृष्ठभागावरून ०.२१० मिलिवॉट परत येतो, ४.७९० मिलिवॉट आत जातो.

r चे ऋण चिन्ह सांगते की परावर्तित लहरीची कला १८० अंशांनी उलटली आहे. काचेतून हवेत येताना तोच अंक धन होतो आणि कला बदलत नाही. R दोन्ही बाजूंनी सारखाच. त्या वेळी t १.२०५ भरतो, पण आयाम वाढला म्हणून ऊर्जा निर्माण झाली असे नाही: हवेचा अपवर्तनांक कमी असल्याने T पुन्हा ०.९५८ च येतो.

मागच्या पृष्ठभागापाशी ४.७९० मिलिवॉटपैकी ०.२०१ मिलिवॉट मागे वळतो आणि पुढचा पृष्ठभाग ओलांडून ०.१९२ मिलिवॉट बाहेर पडतो. आतल्या पुढच्या फेऱ्या नगण्य आहेत. शक्तींची बेरीज केली तर सुमारे ०.४०२ मिलिवॉट, म्हणजे आठ टक्के, परत येतो. खिडकीच्या काचेला सूर्यप्रकाशात हा आकडा चांगला लागू पडतो, कारण अनेक तरंगलांब्यांचे व्यतिकरण सरासरीत नाहीसे होते.

एकवर्णी लेसर आणि काटेकोर समांतर काच असेल तर मात्र ही बेरीज लागू होत नाही. दोन परावर्तने एकमेकांवर पडतात, आणि तेव्हा शक्ती नव्हे तर आयाम मिळवावे लागतात. पहिल्याचा आयाम आपातीच्या ०.२०५ पट, दुसऱ्याचा ०.९५८ × ०.२०५ म्हणजे ०.१९६ पट. कला जुळल्या तर बेरीज ०.४०१ आणि तिचा वर्ग ०.१६, विरुद्ध पडल्या तर जवळजवळ शून्य. सर्व फेऱ्या धरून अचूक कमाल 4R/(1 + R)², म्हणजे ०.१५४ येते. म्हणून परतीची शक्ती ०.७७ मिलिवॉटपासून शून्यापर्यंत कुठेही असू शकते. जाडीत १०४ नॅनोमीटरचा फरक पडला की कमाल जागेचे किमान होते. काच हळूहळू तापत असताना शक्तिमापकाचा आकडा सावकाश वर-खाली होत राहिला, तर कारण बहुधा हेच असते. लेसर बिघडला असे समजून तो बदलण्याची घाई करू नये.

R मोजायचाच असेल तर पाचरीच्या आकाराची काच वापरतात. अर्ध्या अंशाच्या पाचरीत मागच्या पृष्ठभागावरून आलेला किरण पहिल्यापासून सुमारे दीड अंशाने वेगळा होतो. एक मीटरवर धरलेल्या कागदावर अडीच सेंटीमीटरहून थोड्या जास्त अंतरावर दोन ठिपके दिसतात, आणि ०.२१० व ०.१९२ मिलिवॉट वेगवेगळे मोजता येतात.