दहावी परीक्षा प्रमुखाचा कार्यभार सोपवताना: अहवालात काय लिहावे, कोणती कागदपत्रे द्यावीत

शाळेत दहावीच्या बोर्ड परीक्षेचे काम पाहणारा शिक्षक बदलीने किंवा निवृत्तीने जातो, तेव्हा मुख्याध्यापकांच्या समोर दोघांच्या सह्यांनी प्रभार द्यावा. तीन प्रती काढाव्यात: कार्यालयाला एक, देणाऱ्याला एक, घेणाऱ्याला एक. ज्यांचा मुलगा किंवा मुलगी त्याच वर्षी दहावीला आहे, त्या शिक्षकांकडे हे काम देऊ नये.

अहवालातला सर्वांत महत्त्वाचा भाग प्रलंबित कामांचा. प्री-लिस्ट म्हणजे भरलेल्या अर्जांतली माहिती तपासण्यासाठी मंडळाकडून मिळणारी यादी. इथे ‘प्री-लिस्ट तपासली’ एवढेच लिहून चालत नाही. माझ्याकडे काम आले तेव्हा नेमके हेच वाक्य लिहिलेले होते. एका विद्यार्थिनीने वर्षभर हिंदी-संस्कृत संयुक्त विषय शिकला होता, प्री-लिस्टवर मात्र पूर्ण हिंदी छापून आले होते. आधीच्या सरांना चूक सापडली होती, त्यांनी लाल शाईने गोलही केला होता. पण दुरुस्ती विभागीय मंडळाकडे पाठवली की नाही, हे कुठेच नव्हते. प्रवेशपत्रावर पूर्ण हिंदीच आले. विषयाची चूक शाळेला परस्पर सुधारता येत नाही, त्यामुळे जनरल रजिस्टरचा उतारा आणि मुख्याध्यापकांचे पत्र घेऊन विभागीय मंडळात धावावे लागले. त्या मुलीचा अभ्यासाचा एक अख्खा आठवडा काळजीत गेला, याचे मला आजही वाईट वाटते.

म्हणून प्रत्येक दुरुस्तीपुढे चार गोष्टी लिहा: काय चुकले, पुरावा कोणता जोडला, जावक क्रमांक व तारीख, आणि सुधारलेली नोंद स्वतः पाहिली का. चौथा रकाना रिकामा असेल, तर ते काम प्रलंबितच समजा. इतर मंडळांतून आलेल्या मुलांची पात्रता प्रमाणपत्रे आणि तोंडी परीक्षेला गैरहजर राहिलेल्या मुलांची ‘आऊट ऑफ टर्न’ परीक्षा यांनाही हीच पद्धत लावा.

सोबत द्यायची कागदपत्रे: विद्यार्थ्यांच्या सह्या असलेली प्री-लिस्ट, शुल्क भरल्याची चलने, अंतर्गत व तोंडी गुणांच्या स्थळप्रती, मंडळाची परिपत्रके आणि न वाटलेली गुणपत्रके मोजून. न वाटलेल्या गुणपत्रकांची यादी नावानिशी करा. पुनर्परीक्षा दिलेली मुले महिनोन्‌महिने येत नाहीत आणि अकरावीच्या प्रवेशाच्या वेळी एकदम दारात उभी राहतात.

संपर्क लिहिताना फक्त व्यक्तीचे नाव नको, कारण तीही बदलून जाते. विभागीय मंडळातली शाखा, तिथे कोणत्या कामासाठी जायचे आणि प्रश्नपत्रिका जिथून मिळतात त्या परिरक्षक केंद्राचा पत्ता लिहा. मंडळाच्या संकेतस्थळाचा पासवर्ड अहवालात लिहू नका. तो त्याच दिवशी नव्या प्रमुखांकडून बदलून घ्या आणि नोंदवलेला मोबाइल क्रमांकही बदला. नाहीतर ओटीपी जुन्या माणसाच्या फोनवर जाईल आणि अर्जाच्या शेवटच्या दिवशी त्यांना शोधत बसावे लागेल.