ट्यूब टेस्टचा डोस आणि फवारणीचा डोस: ९१ टक्के डास मेले म्हणजे नक्की काय?

नाशिकमध्ये पावसाळा सुरू झाला, डेंग्यूचे पेशंट वाढायला लागले की एक वाक्य हमखास ऐकू येतं, "लॅबमध्ये ९१ टक्के डास मेले, म्हणजे औषध ९१ टक्के काम करतंय, मग धूर मारूनसुद्धा सिडकोत डास कसे काय?" वाक्य ऐकायला बरोबर वाटतं, पण त्यात दोन वेगवेगळे डोस एकात मिसळलेत. एक ट्यूब टेस्टमधला, म्हणजे औषध लावलेल्या कागदाच्या नळीत डास तासभर ठेवतात त्या टेस्टमधला डिस्क्रिमिनेटिंग डोस आणि दुसरा फवारणीचा, म्हणजे फिल्डमध्ये प्रत्यक्ष मारतात तो. औषधाचं नाव तेच, कधीकधी टक्क्याचा आकडाही तोच, पण दोघांना विचारलेला प्रश्नच वेगळा आहे.

आधी डिस्क्रिमिनेटिंग डोस. तो ठरवताना कधीच औषधाला सामोरी न गेलेली, लॅबमध्ये पिढ्यान्पिढ्या पाळलेली नाजूक जात घेतात. वेगवेगळे डोस देऊन त्यातले ९९ टक्के डास ज्याला मरतात तो डोस काढतात आणि मग तो सरळ दुप्पट करतात. म्हणजे हा डोस डास मारायला निवडलेलाच नाही, तो गाळणीसारखा आहे. साधा डास यातून वाचूच नये इतका तो जास्त आहे, त्यामुळे जो वाचला त्याच्यात काहीतरी वेगळं आहे असं धरता येतं. टेस्टचा सगळा अर्थ या वाचलेल्यांमध्ये आहे, मेलेल्यांमध्ये नाही, आणि आपण मात्र मेलेल्यांचा टक्का बोलत बसतो म्हणून गोंधळ होतो.

फवारणीचा डोस ठरवताना लोक पूर्णपणे वेगळ्या गोष्टी बघतात. उदाहरणार्थ मलेरियासाठी घरातल्या भिंतींवर डेल्टामेथ्रिन मारायचं तर आपल्याकडे स्क्वेअर मीटरला २० मिलिग्रॅम धरतात. यात भिंत मातीची की सिमेंटची, ती किती शोषून घेते, काही आठवड्यांनी वर काय उरतं, घरातल्या माणसांना त्रास होणार नाही ना, खर्च किती, हे सगळं येतं. धुरळणीत थेंबाचा आकार, वारा, वेळ येते. तिथे रेझिस्टंट, म्हणजे औषधाला दाद न देणारा डास ओळखायचा प्रश्नच नसतो, तिथे रोग आटोक्यात आणायचा असतो.

आता आकड्यांचा घोटाळा बघा. ट्यूबमधल्या कागदावर जे टक्के लिहिलेले असतात ते कागदावर पसरलेल्या तेलातले टक्के असतात, आणि तेल साधारण दर स्क्वेअर सेंटिमीटरला ३.६ मिलिग्रॅम असतं. त्यामुळे मलेरियाच्या डासासाठीचा, म्हणजे अ‍ॅनॉफिलीससाठीचा ०.०५ टक्के डेल्टामेथ्रिनचा कागद हिशोबाने स्क्वेअर मीटरला जवळपास १८ मिलिग्रॅम भरतो, म्हणजे भिंतीवरच्या २० च्या अगदी जवळ. हे बघून माणूस म्हणतो अरे हे तर एकच की! पण कागदावर ते तेलात पातळ पसरलेलं आहे आणि डास अरुंद नळीत पूर्ण एक तास त्यालाच चिकटून आहे, भिंतीवर तो काही मिनिटं बसेल, नाहीतर बसणारही नाही, आणि शेणाने सारवलेल्या भिंतीत औषध आत मुरलेलं असेल. मॅलॅथिऑन या दुसऱ्या औषधाचं अजून फसवं, अ‍ॅनॉफिलीसच्या कागदावर ५ टक्के आणि डिझेलमध्ये मिसळून धूर मारतात तेही ५ टक्के, आकडा एकच, पण एक कागदावरच्या तेलातला आणि दुसरा मशीनच्या टाकीतला, त्यांची तुलना करण्यात काहीच अर्थ नाही.

दुसरी गफलत जातीची. नाशिक शहरात डेंग्यूसाठी आपल्याला एडिस इजिप्ती तपासायचा असतो, पण किटमध्ये बरेचदा मलेरियाच्या कामाचे अ‍ॅनॉफिलीसचे कागद पडलेले असतात. डब्ल्यूएचओच्या २०१६ च्या मार्गदर्शनात एडिससाठी डेल्टामेथ्रिन ०.०३ टक्के आहे आणि मॅलॅथिऑन ०.८ टक्के, म्हणजे अ‍ॅनॉफिलीसच्या ५ टक्क्यांपेक्षा सहा पटींनी कमी. एडिसला ५ टक्क्यांवर टाकलं तर थोडेफार रेझिस्टंट असलेलेही मरून जातील आणि रिपोर्टमध्ये "सगळं छान" येईल. २०२२ मध्ये डब्ल्यूएचओने नवीन मॅन्युअल काढून काही डोस बदललेत, म्हणून रिपोर्टवर जात, टक्के आणि कुठल्या वर्षाचं मॅन्युअल वापरलं ते तिन्ही लिहायलाच पाहिजे, नाहीतर गेल्या वर्षीच्या आणि यंदाच्या आकड्यांची तुलना करून काही हाती लागत नाही.

आता एक केस घेऊ, आकडे समजण्यासाठी धरलेले आहेत. समजा सिडको, सातपूर आणि पंचवटीतल्या बऱ्याच घरांमधून ड्रम, कूलर, कुंड्यांखालच्या ताटल्या यातून एडिसच्या अळ्या आणल्या. बऱ्याच घरांमधून का, तर एकाच ड्रममधल्या अळ्या बहुतेक एकाच आईच्या असू शकतात आणि मग तुम्ही शहर नाही, एक कुटुंब तपासता. त्यांचे डास झाले की ३ ते ५ दिवसांच्या, रक्त न पिलेल्या माद्या घ्यायच्या. एका नळीत साधारण २५ याप्रमाणे हिरव्या ठिपक्याच्या होल्डिंग ट्यूबमध्ये तासभर ठेवायचं, जखमी झालेल्या काढून टाकायच्या. मग लाल ठिपक्याच्या चार ट्यूबांमध्ये, ०.०३ टक्के डेल्टामेथ्रिनच्या कागदावर ६० मिनिटं, ट्यूब उभी. दोन पिवळ्या ठिपक्याच्या कंट्रोल ट्यूब, त्यात फक्त सिलिकॉन तेलाचा कागद. तासानंतर परत होल्डिंगमध्ये, १० टक्के साखरपाण्याचा कापूस वर ठेवायचा, २७ डिग्रीच्या दोन वर-खाली आणि आर्द्रता ७५ टक्क्यांच्या आसपास, आणि २४ तासांनी मोजायचं.

मोजताना लक्षात ठेवायचं की तासाभरात पाठीवर पडलेला डास म्हणजे मेलेला डास नाही. डेल्टामेथ्रिनसारख्या पायरेथ्रॉइड औषधाने डास लवकर खाली पडतो पण काही जण रात्रीतून सावरतात, आणि सावरणारेच आपल्याला हवे असतात. म्हणून पडलेल्यांचा आकडा वेगळा लिहा, निकाल २४ तासांचाच. आणि २४ तासांनंतर नियम साधा आहे, उडू शकतो तो जिवंत, मग दोन पाय गळून पडलेले असले तरी, आणि हलतोय पण उडता येत नाही तो मेला असं धरायचं. हा नियम दोघांनी दोन तऱ्हेने लावला तर त्याच ट्रेवर चार-पाच टक्क्यांचा फरक येऊ शकतो, म्हणून मोजणारे आधी एकमेकांशी बोलून घ्या.

आपल्या केसमध्ये १०० पैकी ९१ मेले. कंट्रोलमध्ये ५० पैकी ६ मेले, म्हणजे १२ टक्के. बरेच जण इथे ९१ मधून १२ वजा करतात आणि ७९ लिहितात, ते चूक आहे. अ‍ॅबटच्या सूत्रात वजाबाकीला कंट्रोलमध्ये वाचलेल्यांनी भागायचं:

सुधारित मृत्यू टक्के = (९१ − १२) ÷ (१०० − १२) × १०० = ७९ ÷ ८८ × १०० = ८९.८

२०१६ च्या नियमाने कंट्रोल ५ टक्क्यांच्या आत असेल तर सुधारणा लागत नाही, ५ ते २० असेल तर हे सूत्र लावायचं, आणि २० च्या वर गेलं तर टेस्ट फेकून परत करायची, सूत्राने ती वाचत नाही. नाशिकच्या एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत हे नक्की होतं, दुपारी खोली सुकते आणि कंट्रोलचे डासही मरतात. ट्यूबांवर ओला टॉवेल टाकला, खोली बंद ठेवली की बराच फरक पडतो. डिसेंबरच्या थंडीत उलट खोली गरम ठेवावी लागते, कारण डेल्टामेथ्रिनचा परिणाम तापमानाप्रमाणे बदलतो आणि मग दोन महिन्यांचे आकडे एकमेकांशी जुळवता येत नाहीत.

आता अर्थ लावूया. ९८ किंवा जास्त असेल तर डास संवेदनशील. ९० ते ९७ असेल तर शंका आहे, टेस्ट पुन्हा करा, जमलं तर जनुकांची तपासणीही करा. ९० च्या खाली रेझिस्टन्स नक्की. आपण दहावीच्या मार्कांवर वाढलेली माणसं, ९१ म्हटलं की डिस्टिंक्शन वाटतं, पण इथे ९१ ला पास म्हणतच नाहीत. दुप्पट घातक डोसवर तासभर बसून दहातला एक डास उडून गेला, ही गंभीर गोष्ट आहे.

पण ८९.८ आहे म्हणून "रेझिस्टन्स सिद्ध" असा शिक्का मी लगेच मारणार नाही. एक डास जास्त मेला असता तर ९०.९ आलं असतं, आणि एका डासाने जीवशास्त्र बदलत नाही. वर कंट्रोल १२ टक्के म्हणजे हाताळणीत काहीतरी बिनसलंय. मी ताजा कागद घेऊन, नव्या अळ्या आणून पुन्हा करेन. कागदाचं सांगायचं तर एक कागद साधारण सहा वेळाच वापरायचा, त्यानंतर औषध कमी होतं आणि चांगला डासही वाचतो, मग रेझिस्टन्स नसताना दिसतो. पहिल्या वेळची टेस्ट आणि सहाव्या वेळची टेस्ट यात फरक दिसायला लागला तर आधी कागदावर संशय घ्या, डासावर नंतर.

मग फवारणीचं काय? ट्यूबचा निकाल तिथे सरळ नेता येत नाही. दहा टक्के डास रेझिस्टंट आहेत एवढंच कळलं, ते किती रेझिस्टंट आहेत ते नाही. त्यासाठी पाचपट आणि दहापट डोसचे कागद असतात. पाचपटीला ९८ टक्के किंवा जास्त मेले तर रेझिस्टन्सची ताकद कमी, पाचपटीला वाचले पण दहापटीला मेले तर मध्यम, आणि दहापटीलाही वाचत असतील तर ताकद जास्त आणि फवारणी फसण्याची भीती खरी. या टेस्ट ९० च्या खालचा निकाल पक्का झाल्यावरच करायच्या.

उलट बाजूही बघा, ट्यूबमध्ये १०० टक्के मेले तरी धुरळणी फसू शकते. एडिस दिवसा चावतो, घरात कपड्यांमागे, पलंगाखाली बसतो, आणि रस्त्यावरून संध्याकाळी गेलेला धूर खिडकीतून आत आलाच नाही तर त्या डासाला औषध भेटलंच नाही. म्हणून पेशंटच्या घरात आतून पायरेथ्रम मारतात, २ टक्के अर्क एक भाग आणि रॉकेल एकोणीस भाग. पायरेथ्रमही डासाच्या नसांवर त्याच जागी काम करतं जिथे डेल्टामेथ्रिन, म्हणून आपला ट्यूबमधला आकडा त्या फवारणीच्या दृष्टीने कामाचा आहे, पण सूचना म्हणून, टक्केवारी म्हणून नाही.

फवारणी खरंच किती चालली हे बघायचं तर वेगळी टेस्ट लागते. मलेरियाच्या कामात फवारलेल्या भिंतीवर प्लास्टिकचा कोन लावून त्यात डास ३० मिनिटं ठेवतात आणि २४ तासांनी मोजतात, तिथे ८० टक्क्यांच्या वर असेल तर चालतं. या टेस्टमध्ये डास संवेदनशील हे आधीच माहीत असतं, तपासायची असते भिंत. म्हणून ट्यूबचा ८५ वाईट आणि कोनचा ८५ चांगला, दोन्ही बरोबर आहेत. रिपोर्टच्या टेबलमध्ये हे दोन आकडे शेजारीशेजारी "मृत्यू टक्के" या एकाच हेडिंगखाली टाकू नका, वर टेस्टचं नाव, डोस आणि डास कुठला ते लिहा.