फोटोला दिलेला होकार आणि चेहरा बदलायला दिलेला होकार

घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कुणाचा तरी चेहरा भलत्याच अंगावर बसवलेला व्हिडिओ येतो, जिचा चेहरा असतो ती जरा कुरकुरते, आणि लगेच कुणीतरी म्हणतं, "अगं, फोटो तूच टाकला होतास ना ग्रुपवर?" टाकला होता, खरंच. पण या एका वाक्यात दोन परवानग्यांची गल्लत झालेली असते. आपला फोटो काढू देणं किंवा तो चारचौघांना दाखवणं ही एक. त्या फोटोतला चेहरा उचलून, आपण कधीच न केलेली गोष्ट करताना आपल्याला दाखवू देणं ही दुसरी. पहिलीच्या पोटात दुसरी येत नाही.

फोटो ग्रुपवर टाकताना माणसाने तो आधी पाहिलेला असतो. त्या दिवशी, त्या साडीत, त्या माणसांच्या शेजारी मी उभी होते, एवढंच तो फोटो सांगतो आणि ते खरं असतं. चेहरा बदललेल्या व्हिडिओत तो दिवस, ती साडी, ती माणसं सगळं गळून पडतं. उरते फक्त ओळख, आणि ती भलत्याच प्रसंगाला जोडली जाते. आपण कशाला हो म्हणतोय हे तो व्हिडिओ तयार होईपर्यंत त्या व्यक्तीला ठाऊकच नसतं.

ही गल्लत पूर्वी फारशी होत नव्हती, कारण तंत्रच तसं होतं. २०१६ साली स्नॅपचॅटवर चेहरे अदलाबदल करणारी लेन्स आली तेव्हा दोघांनी कॅमेऱ्यासमोर शेजारी शेजारी उभं राहून तोंडं वाकडी करायची, अशीच ती वापरली जायची. उभं राहणं हाच होकार होता. वर्षभराने 'डीपफेक' हा शब्द कानावर यायला लागला, पण तेव्हा एका माणसाचे शेकडो-हजारो फोटो आणि ताकदवान संगणक लागायचा, म्हणून तो मार बहुतेक नटनट्यांनाच बसला. आता एक सरळ समोरून काढलेला फोटो पुरतो. अ‍ॅप त्या फोटोतून चेहऱ्याची ओळख आकड्यांच्या एका रांगेत उतरवतं आणि दुसऱ्या व्हिडिओतल्या चेहऱ्यावर ती ओळख रंगवतं. मान कुठे वळली, ओठ कसे हलले, उजेड कुठून आला, हे सगळं मूळ व्हिडिओचंच राहतं. म्हणजे मावशीचे फक्त डोळे, नाक आणि तोंड. केस, गळा, हात, कपडे, हावभाव दुसऱ्याच बाईचे. बघणारा मात्र ते सगळंच मावशीच्या नावावर टाकतो. "नुसता चेहराच तर लावलाय" हे म्हणूनच पटत नाही.

याच्या अगदी शेजारी एक गोष्ट आहे, जी दिसते तशीच पण आहे वेगळी. लग्नाच्या अल्बममध्ये काकांचे डोळे मिटलेले आले, म्हणून फोटोग्राफर पुढच्या फोटोतला त्यांचाच चेहरा आणून बसवतो. काही फोनमध्येही आता ही सोय आहे. त्यात माणूस तोच, प्रसंग तोच, क्षण फार तर दोन सेकंदांनी पुढचा. हे पहिल्या परवानगीच्या घरातलं आहे आणि त्यासाठी कुणी काकांना फोन करून विचारावं असं मला वाटत नाही. पण लग्नाला न आलेल्या मामांना त्याच फोटोत उभं केलं, तर ती हद्द ओलांडली. मामा का आले नव्हते हे अर्ध्या गावाला माहीत असतं.

आणखी एक माणूस हमखास विसरला जातो: ज्याच्या अंगावर चेहरा लावला तो. नोव्हेंबर २०२३ मध्ये अभिनेत्री रश्मिका मंदाना लिफ्टमध्ये शिरतेय असा व्हिडिओ पसरला. मूळ व्हिडिओ एका ब्रिटिश-भारतीय तरुणीचा होता आणि तो तिने स्वतःच इन्स्टाग्रामवर टाकलेला होता. पहिली परवानगी म्हणजे पूर्ण होती. तरीही दोघींवर अन्याय झाला. एकीच्या नावावर जे अंग तिचं नाही ते आलं, दुसरीचं अंग तिच्या ओळखीशिवाय देशभर फिरलं, आणि दोघींनीही जाहीरपणे त्रास झाल्याचं सांगितलं. पुढे जानेवारी २०२४ मध्ये दिल्ली पोलिसांनी आंध्र प्रदेशातून एकाला अटक केली. पोलिसांच्या म्हणण्याप्रमाणे तो त्या अभिनेत्रीचं फॅन पेज चालवायचा आणि त्याला फॉलोअर वाढवायचे होते. म्हणजे वैर नव्हतं, चाहता होता. घरातही हे करणारा बहुधा प्रेमाचाच माणूस असतो.

परवानगी किती लांब ताणता येते, याचं चांगलं उदाहरण २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यातच दिलं आहे. ऑनलाइन डॉक्टरचा सल्ला देणारं अ‍ॅप सल्ल्यासाठीही संमती मागतं आणि फोनमधले सगळे संपर्क बघण्यासाठीही. बाई दोन्हीला हो म्हणते. तरी कायदा म्हणतो, सल्ल्यासाठी संपर्कांची गरज नाही, तेव्हा संमती सल्ल्यापुरतीच धरायची. हाच कायदा घरगुती, खासगी कारणासाठी माणसाने केलेल्या वापराला मात्र लागू होत नाही. आत्याच्या वाढदिवसाचा व्हिडिओ करणाऱ्या भाच्याला तो विचारायला येणार नाही. ते काम भाच्याचंच. (फसवणूक किंवा अश्लील मजकूर असेल तर गोष्ट वेगळी, तिथे माहिती तंत्रज्ञान कायदा आहेच.)

आता तोच भाचा घेऊ. आत्याची साठी आहे, हॉलमध्ये पडदा लावणार आहेत, आणि त्याच्या डोक्यात आहे की आत्या, तिच्या दोन जावा आणि नवी सून अशा चौघींना एका जुन्या गाण्याच्या नाचात बसवायचं. चौघींचे फोटो त्याच्याकडे आहेत. विचारायचं कुणाला? चौघींनाही, आणि वेगवेगळं. ग्रुपवर "चालेल ना सगळ्यांना?" असं टाकलं की पहिले तीन अंगठे पडतात आणि चौथीला नाही म्हणायची सोय उरत नाही. त्यातून ती घरात नुकतीच आलेली असेल तर बघायलाच नको. तिच्या नवऱ्याला विचारून काम भागवणं हा तर सर्रास चालणारा प्रकार आहे, आणि तो सगळ्यात वाईट. चेहरा तिचा, उत्तर त्याचं.

आत्याला सरप्राइज द्यायचंय, म्हणून तिला विचारता येत नाही, ही अडचण खरी आहे. माझं मत सांगते: सरप्राइज जुन्या फोटोंच्या व्हिडिओचं द्या. चेहरा बदलायचा असेल तर सरप्राइज सोडा, किंवा तिचा चेहरा सोडून स्वतःचा लावा. भाचा स्वतः नऊवारीत नाचताना दिसला तर हॉल जास्तच हसेल.

बाकीच्यांना विचारताना चार गोष्टी सांगितल्या की पुरे: चेहरा कशावर बसणार, कोण बघणार, फोटो कुठल्या अ‍ॅपमध्ये जाणार, आणि नंतर त्या व्हिडिओचं काय होणार. वहिनीला पाठवायचा मेसेज साधारण असा:

"वहिनी, आत्याच्या साठीला दोन मिनिटांचा गमतीचा व्हिडिओ करतोय. एका जुन्या गाण्यातल्या नाचणाऱ्या बाईंवर तुमचा चेहरा लावावा असं मनात आहे. गाणं सोबत पाठवलंय, आधी बघा. हॉलमध्ये एकदाच दाखवणार, ग्रुपवर टाकणार नाही. फोटो अ‍ॅपच्या सर्व्हरवर जातो, हेही सांगून ठेवतो. नको वाटलं तर नुसतं 'नको' लिहा, तुमचा पुण्याचा साधा फोटो लावतो, तोही छान आहे."

शेवटचं वाक्य सगळ्यात कामाचं. नाही म्हटलं तरी व्हिडिओत आपली जागा आहे, रुसवाफुगवा नाही, हे त्यातून कळतं. मूळ गाणं सोबत पाठवणंही तितकंच गरजेचं. "जुन्या गाण्यावर" म्हटल्यावर वहिनींच्या डोळ्यांसमोर भावगीत येतं आणि पडद्यावर निघते लावणी.

अ‍ॅपचा उल्लेख उगीच नाही. २०१९ मध्ये झाओ नावाचं चिनी अ‍ॅप दोन-तीन दिवसांत प्रचंड गाजलं आणि मग लोकांनी त्याच्या अटी वाचल्या. टाकलेल्या चेहऱ्यांवर कंपनीला कायमचा, फुकट, मागे न घेता येणारा हक्क मिळत होता. ओरड झाल्यावर अटी बदलल्या. मावशी तुम्हाला हो म्हणते, कंपनीला नाही. म्हणून फोटो चढवण्याआधी फक्त तिचा चेहरा राहील असा कापून घ्यावा. मागे उभ्या नातवंडांचे चेहरे सोबत जायचं कारण नाही.

आपल्याकडे "नाही" हे क्वचितच "नाही" असं येतं. "बघू." "कशाला उगीच?" "आता तू म्हणतोस तर…" "ह्यांना विचारून सांगते." मेसेजवर निळ्या खुणा आणि पुढे शांतता. ही सगळी नकाराचीच रूपं धरावीत आणि पुन्हा विचारू नये, फार तर "ठीक आहे, साधाच फोटो लावतो" म्हणून मोकळं व्हावं. "लाव की, पण मला आधी दाखव" हा मात्र खरा होकार, आणि अट पाळायची. दाखवताना स्वतःच्या फोनवर, शेजारी बसून दाखवा. चेहऱ्यावर पहिल्या दोन सेकंदांत जे उमटतं ते मेसेजमध्ये कळत नाही.

मुलांच्या बाबतीत आईवडिलांचा होकार लागतोच, पण चौदा वर्षांची मुलगी नको म्हणत असेल तर आईच्या होकाराला काही अर्थ नाही. शाळेत तोंड तिला दाखवायचं आहे. गेलेल्या आजोबांना हलवायचं, हसवायचं असेल तर आधी आजीला एकटीला विचारा. काहींना ते बघून बरं वाटतं, काहींच्या पोटात कालवतं, आणि कुणाचं काय होईल हे भरल्या हॉलमध्ये तपासायची गोष्ट नाही.

राहिला तो नंतरचा प्रश्न. हॉलमध्ये सगळ्यांना माहीत असतं की हे खोटं आहे. शिवाय मोठ्या पडद्यावर चेहरा जरा धुरकट दिसतो, मान पूर्ण वळली की ओघळतो, तोंडासमोरून हात गेला की बोटांवर गाल उमटतो. तोच व्हिडिओ व्हॉट्सअ‍ॅपने दाबून लहान केला की हे दोष त्या धुरकटपणात लपतात, आणि तिसऱ्या ग्रुपवरच्या माणसाला साठीचा कार्यक्रम ठाऊक नसतो. 'सगळ्यांसाठी डिलीट' दोन-अडीच दिवसच चालतं आणि पुढे गेलेल्या प्रतींना हात लावत नाही. म्हणून फाइल पेनड्राइव्हवर न्यावी, ग्रुपवर मागितली तर "ज्यांचे चेहरे आहेत त्यांना विचारा" म्हणावं, आणि व्हिडिओच्या कोपऱ्यात पहिल्यापासून शेवटपर्यंत ठळक अक्षरांत लिहावं: "गंमत म्हणून चेहरे बदलले आहेत". फक्त सुरुवातीच्या पाटीवर लिहिलं तर ती पाटी कापायला दहा सेकंदही लागत नाहीत.