आजीच्या ट्रंकेतले ८० शेअर: कंपनी गेली कुठे, ते कसं शोधायचं

जुने कागदी शेअर घेऊन येणारी बहुतेक मंडळी पहिला प्रश्न हाच विचारतात: "ही कंपनी तर आता नाही, मग हे कागद रद्दीच ना?" या प्रश्नाचं उत्तर म्हणून आमच्याकडे आलेल्या एका आजी आणि नातीची हकिगत सांगतो. नावं अर्थातच देत नाही.

नातीला आजीच्या ट्रंकेत दोन शेअर सर्टिफिकेटं सापडली, एक ५० शेअरचं आणि एक ३० चं. दोन्हींवर नाव होतं टाटा ऑइल मिल्स कंपनी लिमिटेड, दर्शनी किंमत १० रुपये. हमाम आणि ५०१ साबण बनवणारी ही कंपनी आजीला चांगली आठवत होती. नातीने 'टाटा' हे नाव पाहून टाटा समूहाच्या कंपन्यांमध्ये शोध घेतला आणि तिथे काहीच हाती लागलं नाही. ही चूक आम्ही वरचेवर पाहतो. सर्टिफिकेटवरचं नाव छपाईच्या दिवशी कंपनी कोणाची होती एवढंच सांगतं.

आम्ही आधी तिला कागद उलटा करायला सांगितलं. सर्टिफिकेटच्या मागे हस्तांतरणाचा तक्ता असतो. त्यातली शेवटची नोंद ज्याच्या नावावर, तो कंपनीच्या दप्तरी मालक. पुढच्या बाजूला दुसऱ्याच कोणाचं नाव होतं, पण मागे शेवटच्या ओळीत आजीचं नाव आणि फोलिओ नंबर, म्हणजे कंपनीच्या नोंदवहीतला तिचा खातेक्रमांक, सापडला. ही ओळ रिकामी असती आणि नुसता सही केलेला ट्रान्सफर फॉर्म सोबत टाचलेला असता, तर प्रकरण फार अवघड झालं असतं, कारण मग खरेदी कंपनीपर्यंत कधी पोहोचलीच नव्हती असा अर्थ होतो. त्यानंतर डिस्टिंक्टिव्ह नंबर, म्हणजे प्रत्येक शेअरला दिलेले स्वतंत्र क्रमांक, पाहिले. शेवटच्या नंबरातून पहिला वजा करून एक मिळवला की शेअरची संख्या आली पाहिजे. दोन्ही कागदांवर ती बरोबर आली.

आता कंपनीचा माग. बंद पडलेली कंपनी आणि विलीन झालेली कंपनी यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर कंपनीचं नाव टाकलं की तिची स्थिती दिसते. 'नोंदणीतून वगळली' असं दिसलं तर आशा फार कमी. 'एकत्रीकरण झालं' असं दिसलं तर शेअर दुसऱ्या कंपनीत गेले आहेत, आणि मग फक्त गुणोत्तर शोधायचं उरतं.

टाटा ऑइल मिल्सचं विलीनीकरण हिंदुस्तान लिव्हरमध्ये झालं, १ एप्रिल १९९३ ही तारीख धरून. त्याला आव्हान दिलं गेलं, शेअरचं गुणोत्तर योग्य आहे का यावरही वाद झाला आणि १९९४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विलीनीकरण कायम ठेवलं. नातीला गुणोत्तर सापडलं ते याच निकालपत्रात: टाटा ऑइलच्या १५ शेअरमागे हिंदुस्तान लिव्हरचे २. जुन्या विलीनीकरणाचं गुणोत्तर शोधायला वार्षिक अहवाल मिळाला नाही तर न्यायालयाचा आदेश पाहा, असं आम्ही नेहमी सांगतो. त्या काळी अशा योजनांना उच्च न्यायालयाची मंजुरी लागायची, त्यामुळे कागद कुठेतरी असतोच.

पुढचा हिशेब नातीने वहीत मांडला. ८० गुणिले २ भागिले १५, म्हणजे १० शेअर आणि वर दोन-तृतीयांश शेअर. पूर्ण शेअर मिळतात. अपूर्णांक साधारणपणे एकत्र करून विकतात आणि ज्याच्या त्याच्या वाट्याची रक्कम देतात. म्हणजे हातात राहिले १०. मग २००० साली हिंदुस्तान लिव्हरने १० रुपयांच्या शेअरचे १ रुपयाचे दहा केले, तेव्हा १० चे १०० झाले. २००७ मध्ये कंपनीचं नाव हिंदुस्तान युनिलिव्हर झालं, त्याने संख्या बदलत नाही. २०२५ मध्ये आइस्क्रीमचा व्यवसाय वेगळा काढून क्वालिटी वॉल्स (इंडिया) ही कंपनी केली आणि प्रत्येक शेअरमागे तिचा एक शेअर दिला. म्हणून आजीच्या ८० शेअरचे आज हिंदुस्तान युनिलिव्हरचे १०० आणि क्वालिटी वॉल्सचे १००.

यात दोन उलट चुका होतात. कोणी ८० ला थेट दहाने गुणून ८०० धरतं, तर कोणी विभाजन विसरून १० वरच थांबतं. प्रत्येक टप्पा तारखेच्या क्रमानेच लावायचा.

शेअर आता पडून कुठे आहेत?

इथे तीन शक्यता असतात. पहिली, ते अजून आजीच्याच नावावर नोंदवहीत असतील. दुसरी, नवीन सर्टिफिकेट जुन्या पत्त्यावरून परत आलं असेल आणि स्मरणपत्रांनाही उत्तर गेलं नसेल, तर ते कंपनीच्या दावा न केलेल्या शेअरच्या सस्पेन्स खात्यात जातात. तिसरी आणि आजकाल सर्वांत जास्त दिसणारी: सलग सात वर्षं लाभांश घेतला नसेल तर कंपनी कायदा २०१३ नुसार शेअर गुंतवणूकदार शिक्षण व संरक्षण निधीकडे, म्हणजे आयईपीएफकडे वर्ग होतात. घरं बदलल्यावर आजीने पत्ता कधी कळवलाच नव्हता. तिचे शेअर आयईपीएफमध्येच होते.

वर्ग झालेले शेअर बुडत नाहीत, मालकाला परत मागता येतात. मात्र क्रम चुकला की अर्ज परत येतो. आधी कंपनीच्या वतीने शेअरधारकांची नोंद ठेवणाऱ्या रजिस्ट्रारकडे जायचं, त्यांच्याकडून हक्क मान्य असल्याचं पत्र घ्यायचं आणि मगच आयईपीएफ-५ हा अर्ज ऑनलाइन भरायचा. या अर्जाला शासकीय फी नाही. शेअर परत मिळतात ते फक्त डीमॅट खात्यात, त्यामुळे आजीच्या नावाने डीमॅट खातं उघडावं लागलं. नातीच्या खात्यात थेट घेता येत नाहीत. आजीने ते नंतर नातीला दिले तर तो वेगळा व्यवहार.

सगळ्यात जास्त वेळ सहीत गेला. जुन्या दप्तरातली आजीची सही ठसठशीत, आताची थरथरती. रजिस्ट्रारने सही जुळत नाही म्हणून कागद परत पाठवले. त्यावर उपाय आयएसआर-२ हा फॉर्म आहे: आजीच्या बँकेचा अधिकारी तिची आताची सही आणि खातं प्रमाणित करतो. सोबत पॅन आणि पत्त्यासाठी आयएसआर-१. एवढं झाल्यावर पत्र आलं. आजीचं निधन झालेलं असतं तर सहीचा प्रश्नच नसता, पण वारसाहक्काची कागदपत्रं जोडावी लागली असती, आणि त्यात वारसांची एकमुखी संमती हीच बहुतेक वेळा अडकते. म्हणून मालक हयात असतानाच हे काम करा असा आमचा आग्रह असतो.

एक सावधगिरी. दावा न केलेल्या शेअरच्या याद्या जाहीर असतात. त्या वाचून कोणी फोन करून "कागद आम्हीच विकत घेतो, फक्त इथे सही करा" म्हणालं तर सही करू नका. १ एप्रिल २०१९ पासून शेअर बाजारात सूचीबद्ध कंपन्यांच्या कागदी शेअरची विक्री नवीन मालकाच्या नावावर होतच नाही, मग तुमची कोरी सही त्याला कशाला हवी, हे विचारा.

आमच्याकडे येताना मूळ कागद आणू नका. दोन्ही बाजूंचे स्वच्छ फोटो, मालकाचं पॅन आणि त्या काळी राहत असलेल्या घरांचे आठवतील तेवढे पत्ते पुरे. माग काढून हिशेब लिहून देतो. त्यापुढचे अर्ज तुम्ही स्वतः भरू शकत असाल तर तसंही सांगतो. या नातीने आयईपीएफ-५ स्वतःच भरला. आमच्याकडून तिने फक्त सहीचं काम करून घेतलं.